एकाच कागदावरचे चार हात: साठेखत वाचताना माझं काय चुकलं

मागच्या लेखात सातबाऱ्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर दोघातिघांनी विचारलं की घरात जुने स्टॅम्पपेपरचे करार पडलेले असतात, ते संशोधनात वापरता येतात का? येतात. पण ते कसे वाचू नयेत हे मी आधी शिकलो आणि कसे वाचावेत हे नंतर. म्हणून आज एकच दस्त घेऊन बसू आणि तोच नीट उलगडून बघू.

माझी पार्श्वभूमी तुम्हाला माहीत आहे. एम.एस्सी. भूशास्त्रात, आणि आता पीएच.डी.चा विषय कोरडवाहू पट्ट्यातल्या विहिरींचा इतिहास. विहीर कधी खोदली, कोणाचा किती हिस्सा, पाण्याची पाळी कशी ठरली, हे शोधायला मी गावोगाव लोकांकडचे जुने कागद बघतो आणि मोबाईलवर फोटो काढून घेतो. विज्ञानाच्या सवयीप्रमाणे सगळ्याचा तक्ता करायचा: गाव, वर्ष, क्षेत्र, विहीर आहे की नाही. याच तक्त्याने मला फसवलं.

दस्त काय आहे

१९८१ सालचं साठेखत आहे. साठेखत म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचा करार. खरेदीखत वेगळं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि नुसत्या साठेखताने मालकी बदलत नाही. आमचं साठेखत नोंदवलेलं नाही. एवढं डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

मला हा कागद एका मित्राच्या मित्राने दिला. जमीन त्याच्या आजोबांनी घेतलेली. गाव आणि नावं सांगत नाही. दोन पानं आहेत. पहिलं पान पाच रुपयांचा स्टॅम्पपेपर, ज्याच्या खालच्या भागात सगळं हाताने लिहिलेलं: लिहून घेणार कोण, लिहून देणार कोण, क्षेत्र, किंमत, चतुःसीमा. दुसरं पान साधा जाड लेजर पेपर. त्यावर कलमं टंकलिखित आहेत आणि मधेमधे मोकळ्या जागा, ज्या पेनाने भरल्यात. शेवटी एक सही, एक अंगठा, दोन साक्षीदार आणि दस्तलेखकाचं नाव.

दुसऱ्या पानावरचा मला महत्त्वाचा वाटलेला भाग असा. चौकटी कंसातलं हाताने लिहिलेलं आहे, बाकी टंकलिखित:

"सदर स. नं. मिळकत त्यातील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेपासह, विहीर, झाडझाडोरा व पाट-पाण्याच्या वहिवाटीच्या हक्कासह देण्याचे ठरले असे. विहिरीतील हिस्सा [———] आणे, पाण्याची पाळी [———] वारी. झाडे [आंबा १ लिंब २]."

मी तक्त्यात काय भरलं? "विहीर: आहे. पाटपाणी: आहे. झाडे: आहेत." आणि पुढच्या दस्ताकडे वळलो. कलमात स्पष्ट लिहिलंय ना, विहीर, पाट-पाणी!

काही आठवड्यांनी गाईड मॅडमनी तक्ता बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "यातलं कोणी लिहिलंय?" मी म्हटलं, दस्तलेखकाने. त्या म्हणाल्या, "सगळं? एकाच दिवशी?"

कागद वरून खाली वाचायचा नाही

आपण कागद वरून खाली वाचतो. पण हा कागद त्या क्रमाने तयार झालेला नाही. त्यावर चार वेगवेगळ्या हातांनी, चार वेगवेगळ्या वेळी काम केलंय. ते हात वेगळे करून मग काळाच्या क्रमाने लावायचे.

पहिला हात सरकारचा. वरची मुद्रा, किंमत, जलचिन्ह. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला हा भाग. त्यातून आपल्याला किंमत कळते, याहून फार काही नाही.

दुसरा हात मुद्रांक विक्रेत्याचा, म्हणजे आपल्या बोलीत स्टॅम्प व्हेंडरचा. त्याची मजा अशी की तो बऱ्याचदा पानाच्या मागे असतो. मी आधी फक्त पुढची बाजू काढली होती, त्यामुळे परत जावं लागलं. मागे गोल शिक्का, परवाना क्रमांक, आणि हाताने लिहिलेलं: अनुक्रमांक, तारीख ९ एप्रिल १९८१, किंमत आकड्यात आणि अक्षरी, कोणासाठी घेतला त्याचं नाव, कोणाच्या हस्ते घेतला, आणि व्हेंडरची सही. कागद लिहून घेणाराच्या नावावर आहे आणि "हस्ते" म्हणून त्याच्या मुलाचं नाव. म्हणजे बापाच्या व्यवहारासाठी तालुक्याला मुलगा गेला होता. कुटुंबात हे कोणालाच आठवत नव्हतं.

व्हेंडरची तारीख का बघायची? मुद्रांक कायदा सांगतो की दस्तावर मुद्रांक सही करण्याच्या आधी किंवा त्याच वेळी असला पाहिजे. दस्ताची तारीख २७ एप्रिल, स्टॅम्प ९ एप्रिलचा. अठरा दिवसांचं अंतर, क्रम बरोबर. उलट असतं, म्हणजे दस्त २७ मार्चचा आणि स्टॅम्प ९ एप्रिलचा, तर दस्त मागच्या तारखेचा दाखवला आहे हे तिथेच उघड झालं असतं.

आणि अंतर अठरा दिवसांऐवजी काही वर्षांचं असेल तर? इथे नवखा संशोधक लगेच "बनावट" लिहून मोकळा होतो. तसं करू नका. तिरुवेंगडम पिल्लै विरुद्ध नवनीतम्मल हा २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. त्यात तमिळनाडूतला १९८० सालचा विक्रीकरार होता, दोन स्टॅम्पपेपरवर लिहिलेला. एक घेतलेला १९७३ साली, दुसरा १९७८ साली. न्यायालयाने म्हटलं की भारतीय मुद्रांक कायद्यातली सहा महिन्यांची मुदत न वापरलेल्या कागदाचे पैसे परत मागण्यासाठी आहे. जुना कागद वापरला एवढ्यावरून दस्त अवैध होत नाही. मात्र दस्त खरा आहे का याबद्दल संशय घ्यायला ती एक परिस्थिती ठरू शकते. म्हणजे जुना स्टॅम्प हा प्रश्न आहे, उत्तर नाही. आपल्या नोंदीतही तो तसाच यावा.

टाइप केलेला भाग सर्वात जुना निघाला

तिसरा हात टंकलेखकाचा. मला वाटायचं, हा २७ एप्रिलचाच. मॅडमच्या प्रश्नानंतर मी मूळ कागद परत मागून घेतला आणि टॉर्च आडवा धरून, पानाच्या एका कडेने उजेड टाकून बघितला. टाइपरायटरने थेट मारलेलं अक्षर कागदात दबतं. तिरप्या उजेडात खड्डे दिसतात, पाठीमागे बोट फिरवलं तर उठाव जाणवतो. इथे पान सपाट. अक्षराच्या कडाही किंचित पसरट. म्हणजे हे पान टाइपरायटरमध्ये गेलंच नव्हतं. स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर काढलेली ही प्रत. दस्तलेखकाने एकदा मजकूर तयार करून गठ्ठा काढून ठेवला असणार.

कधी? त्याचे दोन धागे त्याच पानावर होते आणि मी दोन्ही न बघता पुढे गेलो होतो. शेवटी छापलंय "सन १९७", पुढे जागा. त्यातला ७ पेनाने गिरवून ८ केलाय आणि पुढे १ लिहिलाय. म्हणजे स्टेन्सिल १९८० च्या आधीचं. दुसरं, छापलंय "स. नं.", म्हणजे सर्व्हे नंबर. पहिल्या पानावर मात्र हाताने "गट नं." लिहिलाय. तुकडेजोड झाली की गावातले सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर येतात. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली हे काम गावोगाव वेगवेगळ्या वर्षी झालं. या गावात ते १९८१ आधी झालेलं होतं, पण छापील मजकुराला त्याचा पत्ता नव्हता.

आता विचार करा. ज्या मजकुरावरून मी "या जमिनीत विहीर आहे" असं लिहिलं, तो मजकूर ही जमीन विकायचं ठरण्याच्या आधीच छापून तयार होता. त्याला ही जमीन माहीतच नव्हती. मग तो तिच्याबद्दल काय सांगणार?

आणि "जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेप" ही ओळ तर स्टेन्सिलपेक्षाही कितीतरी जुनी आहे. मराठेशाहीतल्या इनामाच्या सनदा वाचल्या असतील तर ओळखीची वाटेल. इनाम देताना पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, सगळ्यासकट दिलं, असं म्हणायची ती रीत. तिथून ती खरेदीखतांत उतरली आणि तिथून दस्तलेखकाच्या स्टेन्सिलवर. मी "तरु" वाचून झाडांची नोंद केली होती. तसं असेल तर "निधीनिक्षेप" वाचून पुरलेल्या हंड्याचीही नोंद करायला हवी होती!

छापील कलमं निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. त्या तालुक्यात दस्तलेखक काय गृहीत धरत, कोणत्या भांडणांची त्यांना धास्ती होती, हे त्यातून कळतं. शेवटचं "दस्त वाचून पाहिला, वाचून दाखवला, समजला, राजीखुशीने लिहून दिला" हे घ्या. त्यामागे दख्खनचा मोठा इतिहास आहे. १८७५ साली सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं हिसकावून जाळली. तक्रार हीच होती की कागदात काय लिहिलंय हे निरक्षर कुणब्याला कळत नाही, तो नांगराची निशाणी करून मोकळा होतो. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने ग्रामनिबंधक नेमले. शेतकऱ्याचा दस्त त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या देखरेखीखाली लिहायचा आणि सही-निशाणीआधी मोठ्याने वाचून दाखवायचा, अशी तरतूद होती. लेखणी कोणाच्या हातात असावी हेच सरकारने ठरवायला घेतलं होतं. १९८१ च्या आमच्या दस्तात ते वाक्य स्टेन्सिलवर आहे. म्हणजे खरंच वाचून दाखवायच्या आधीच "वाचून दाखवला" असं छापून झालेलं आहे.

मोकळी जागा आणि ती रेघ

चौथा हात दस्तलेखकाच्या पेनाचा. हा भाग २७ एप्रिलचा, आणि तोच या व्यवहाराबद्दल खात्रीने बोलतो. आकडे आधी आकड्यात आणि मग "अक्षरी". "आंबा १ लिंब २" हे त्या जागेत मावत नाही म्हणून अक्षरं चेपून लिहिलेली. म्हणजे झाडं होती, आणि ती "तरु"मुळे नाही तर या चेपलेल्या चार शब्दांमुळे कळतात.

समासात उभं एक वाक्य आहे, ते मी आधी वाचलंच नव्हतं कारण फोटोत कड कापली गेली होती: "आंब्याचे उत्पन्न पाच वर्षे देणाराचे राहील." त्याच्या शेजारी एक सही आणि एक अंगठा. जमीन दिली पण आंबा लगेच सुटला नाही. दोघांनी बसून ठरवलेलं हे एवढंच वाक्य कोणत्याही स्टेन्सिलवर नव्हतं, म्हणून त्याला समासात जागा शोधावी लागली. आणि नंतर घुसडलं असा वाद नको म्हणून तिथे वेगळी सही-निशाणी घेतली.

आता राहिली ती रेघ. विहिरीतील हिस्सा, रेघ. पाण्याची पाळी, रेघ.

माझी पहिली चूक होती "विहीर आहे" म्हणणं. ती कळल्यावर मी उत्साहात दुसरी चूक केली: तक्त्यात "विहीर: नाही" लिहिलं. दस्तलेखकाने स्वतः रेघ मारलीय, म्हणजे हिस्सा नाहीच. बरोबर?

नाही. मोकळी जागा तशीच सोडणं धोक्याचं असतं, कारण तिथे कोणीही नंतर काहीही लिहू शकतं. नोंदणी कायद्याच्या कलम २० प्रमाणे दस्तात कोरी जागा, खाडाखोड किंवा ओळींच्या मधे लिहिलेलं असेल आणि लिहून देणाऱ्याने तिथे सही केली नसेल, तर निबंधक दस्त नाकारू शकतो. आमचं साठेखत निबंधकाकडे गेलं नाही, पण त्या कचेरीच्या दारात बसणाऱ्या माणसाच्या हाताला ही सवय असतेच: जे भरायचं नाही तिथे रेघ. त्यामुळे रेघेचा अर्थ "हिस्सा नाही" असाही असेल, "हिस्सा आहे पण या कागदात घ्यायचा नाही" असाही, आणि "विचारलंच नाही, जागा बंद केली" असाही. कागदावरून खात्रीने एवढंच म्हणता येतं की रेघ त्याच शाईची दिसते आणि या दस्ताने हिस्सा लिहून दिलेला नाही.

हे माझ्यापुरतं राहिलं नाही

ज्याने कागद दिला तो मुलगा वाट बघत होता. त्याच्या घरच्यांचं म्हणणं, शेजारच्या विहिरीत आमची पाळी होती, आजी सांगते बुधवारची, आणि "साठेखतात पाट-पाणी लिहिलेलं आहे." शेजारी आता ते मानत नाहीत. माझ्या आधीच्या तक्त्याचा फोटो मी त्याला पाठवलेला होता. "विहीर: आहे." त्याने तो घरच्यांना दाखवलाही होता.

मला फोन करून सांगावं लागलं की मी चुकीचं वाचलं. ते शब्द तुमच्या जमिनीसाठी लिहिलेले नाहीत, आधीपासून छापलेले होते. तुमच्यासाठी जिथे लिहायचं तिथे रेघ आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आजी खोटं बोलते?" नाही, असंही कागद म्हणत नाही. आम्ही नंतर त्या जमिनीचा सातबारा काढला. "इतर हक्क" या रकान्यात पाण्याचा उल्लेख नाही. पण पाळी तोंडी ठरवून वर्षानुवर्षं चालल्याचं मला इतर गावांत भेटलेलं आहे. आजीचं सांगणं मी तोंडी पुरावा म्हणून वेगळं नोंदवलं आणि दस्ताच्या रकान्यात मिसळू दिलं नाही. हक्काचा निवाडा करणं वकिलाचं आणि कोर्टाचं काम आहे, तिथे मी हात घालत नाही. माझं काम एवढंच की कागद जे बोलत नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नाही.

तुम्ही असे दस्त वापरणार असाल तर

फोटो काढताना प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू घ्या, चारही कडा चौकटीत येऊ द्या, आणि एक फोटो तिरप्या उजेडात काढा. कोरी वाटणारी बाजूही सोडू नका. व्हेंडरची नोंद आणि नंतर दिलेल्या पैशांचा भरणा तिथेच सापडतो. झेरॉक्सवर समाधान मानू नका, कारण त्यात शाई, स्टेन्सिल आणि शिक्का सगळे एकाच काळ्या रंगाचे होतात आणि हात वेगळे करता येत नाहीत. फोटो प्रबंधात देणार असाल तर नावं आणि अंगठे झाका.

नक्कल करताना हाताने लिहिलेलं चौकटी कंसात टाका, रेघ रेघेसारखीच दाखवा, गिरवलेला आकडा आधी काय होता आणि नंतर काय झाला ते दोन्ही लिहा. "सन १९७" दुरुस्त करून नुसतं "१९८१" लिहिलं असतं, तर स्टेन्सिलचं वय मी स्वतःच्या हाताने पुसलं असतं.

आणि एकाच दस्तलेखकाचे दोनतीन दस्त मिळाले तर शेजारी ठेवून बघा. शब्दन् शब्द जुळणारा भाग त्याच्या साच्याचा. जो जुळत नाही तो त्या व्यवहाराचा.

माझ्या तक्त्यात आता विहिरीच्या रकान्यात "आहे / नाही" असं नाही. तीन शब्द आहेत: "छापील", "भरलेले", "रेघ". यातल्या फक्त "भरलेले"वर मी विहीर मोजतो. बऱ्याच नोंदी गळाल्या आणि एक प्रकरण परत लिहावं लागलं. ज्या राहिल्या त्यांच्याबद्दल मात्र मॅडमनी पुन्हा "कोणी लिहिलंय?" विचारलं, तर आता सांगता येतं.